हिमगाभ्याचं वय कुठून येतं, आणि कोण आधी?

«आमच्या पुराहवामानशास्त्राच्या मॉड्यूलमध्ये शिकवलं की अंटार्क्टिकाच्या हिमगाभ्यांत दिसणारी हिमयुगं मिलँकोविचच्या कक्षीय चक्रांशी जुळतात. नंतर वाचलं की गाभ्याची वयंच त्या चक्रांशी जुळवून ठरवतात. मग हे गोल गोल फिरणं झालं ना? शिवाय एक सर म्हणाले, तापमान आधी वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड ८०० वर्षांनी. मग कोण कोणाला चालवतं?»

काही गाभ्यांच्या काही भागांबाबत तुमचा आरोप खरा आहे, आणि ज्यांनी ती कालगणना केली त्यांनी तो कधी लपवलेलाही नाही. अंटार्क्टिकातल्या डोम-सी गाभ्याची २००७ सालची कालगणना घ्या. तिच्या खोल भागात त्यांनी स्वतःच सुमारे ६,००० वर्षांची चूक धरलेली आहे. म्हणजे त्या पट्टीवरून कोणी «हिमयुग उन्हाच्या वाढीनंतर २,००० वर्षांनी संपलं» असं म्हणू लागलं तर त्याचं ऐकू नका. पण त्याच गाभ्याच्या वरच्या भागात कक्षेचा काहीही संबंध न आणता वय काढता येतं. तुमचा दुसरा प्रश्न नेमका त्या वरच्या भागात बसतो, म्हणून डोम-सी धरूनच बोलतो.

डोम-सी हे पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरचं, समुद्रसपाटीपासून ३,२३३ मीटर उंचीवरचं ठिकाण. वर्षाची सरासरी उणे ५४ अंशांच्या आसपास. युरोपीय देशांच्या एपिका प्रकल्पाने तिथे जवळपास ३,२७० मीटर खोल भोक पाडलं, ते काम २००४ च्या अखेरीस संपलं, आणि हाती आलेला बर्फ ८ लाख वर्षांपर्यंत मागे गेला. तिथे पडणाऱ्या बर्फाचं पाणी केलं तर वर्षाला जेमतेम २५ मिलिमीटर भरतं. पुण्यात वळवाची एक चांगली सर तेवढं पाणी अर्ध्या तासात टाकते. जागा इतकी कोरडी असल्यामुळेच एवढा जुना बर्फ तिथे शिल्लक राहिला, आणि त्याच कारणाने त्याचे वार्षिक थर मोजता येत नाहीत. वारा एका वर्षाचा बर्फ उचलून दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर नेऊन टाकतो, एखाद्या जागी तर वर्षच कोरं जातं.

ग्रीनलंडचं तसं नाही. तिथे वर्षाला वीसेक सेंटिमीटर बर्फ साठतो, त्यात वसंतातली धूळ आणि उन्हाळ्यातली रसायनं ऋतूंप्रमाणे वरखाली होतात, आणि झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशी वर्षं मोजता येतात. हे मोजकाम ६०,००० वर्षांपर्यंत नेलेलं आहे आणि तिथवर साचलेली चूक सुमारे २,६०० वर्षांची आहे. अंटार्क्टिकातही किनाऱ्याजवळ हिमवर्षाव भरपूर असल्यामुळे थर मोजता येतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राच्या शीतगृहात असे किनारी भागातले उथळ गाभे आहेत. मात्र ते काही शतकांची गोष्ट सांगतात, लाखो वर्षांची नाही.

मग डोम-सीचं वय कसं काढायचं? आधी एक प्रवाहाचं गणित मांडतात. वर पडलेला थर खाली दबत जातो, पातळ होतो, बाजूला पसरतो. दरवर्षी किती बर्फ पडला आणि तळाशी किती वितळला याचा अंदाज घातला की खोलीवरून वय निघतं. पण हिमयुगात किती बर्फ पडत होता हे आपल्याला थेट माहीत नसतं. ते गाभ्यातल्या समस्थानिकांवरून काढावं लागतं, आणि तळाजवळ एका मीटरमध्ये हजाराहून जास्त वर्षं दबलेली असल्यामुळे तिथे छोटी चूकही मोठी होते. नुसतं गणित सैल दोरीसारखं असतं. ती दोरी ताणून धरायला ठिकठिकाणी खुंट्या ठोकाव्या लागतात. तुमचा प्रश्न खरं तर त्या खुंट्यांबद्दल आहे.

कक्षेशी संबंध नसलेल्या खुंट्या बऱ्याच आहेत. मोठ्या ज्वालामुखीचं सल्फेट दोन्ही ध्रुवांवर पडतं, म्हणून ग्रीनलंडमध्ये मोजलेलं वय दक्षिणेत नेता येतं. ४१,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काही शतकं फार दुबळं झालं होतं. याला लाशां घटना म्हणतात. क्षेत्र दुबळं झालं की विश्वकिरण जास्त आत येतात, वातावरणात बेरिलियम-१० जास्त तयार होतं आणि ते बर्फात उतरतं. ही उसळी दोन्हीकडच्या गाभ्यांत दिसते. मिथेन तर सगळ्या जगाच्या हवेत वर्ष-दोन वर्षांत मिसळतो, त्यामुळे त्याच्या एकदम घेतलेल्या उड्या ग्रीनलंडमध्ये आणि अंटार्क्टिकात एकाच वेळच्या धराव्या लागतात. या सगळ्यांमुळे सुमारे ६०,००० वर्षांपर्यंत डोम-सीचं वय कक्षेवाचून उभं राहतं. शेवटचं हिमयुग १८,००० ते ११,००० वर्षांपूर्वी सरलं. ते या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, तेव्हा तिथे गोल फिरण्याचा प्रश्नच येत नाही.

(ज्वालामुखीच्या खुंट्याही आंधळेपणाने ठोकू नयेत. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की टोबाच्याच त्याहून कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. राख टोबाची आहे एवढं कळल्याने वय कळत नाही.)

त्याच्याही मागे गेलं की खुंट्या विरळ होतात, आणि तिथे कक्षा मदतीला घेतली जाते. ती कशी घेतात हे समजायला चक्रांबद्दल थोडंसं.

तीन चक्रांपैकी एक आपल्या घरात पंचांगातून आलेलं आहे. सूर्याचं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो. हा फरक संपातचलनामुळे पडला: पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि ताऱ्यांच्या तुलनेत ऋतू साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतात. पूर्ण फेरा २६,००० वर्षांचा. हवामानाला मात्र तारे कुठे आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ कोणत्या ऋतूत असते, एवढंच महत्त्वाचं. तो जवळचा बिंदू स्वतःही कक्षेवरून सरकत असल्यामुळे हवामानात दिसणारा फेरा १९,००० ते २३,००० वर्षांचा होतो. आज तो बिंदू जानेवारीच्या सुरुवातीला येतो. ११,००० वर्षांपूर्वी तो जूनमध्ये येत होता, म्हणून ६५ अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये दर चौरस मीटरला आजच्या सुमारे ४८० ऐवजी ५२५ वॅटच्या आसपास ऊन पडत होतं. दुसरं चक्र अक्षाच्या कलाचं: २२.१ ते २४.५ अंश, ४१,००० वर्षांचं. तिसरं उत्केंद्रतेचं, साधारण एक लाख आणि चार लाख वर्षांचं. ते स्वतः वर्षभराच्या एकूण उन्हात अर्धा वॅटही फरक करत नाही, पण संपातचलनाचा जोर कमीजास्त करतं. सर्बियाच्या मिलुतिन मिलँकोविचने उत्तरेचा उन्हाळा धरला, कारण कॅनडा-स्कँडिनेव्हियातला बर्फ हिवाळ्यात पडतोच, प्रश्न उन्हाळ्यात तो टिकतो का एवढाच.

आता कक्षेच्या खुंट्या. जुनी पद्धत अशी की बुडबुड्यांतल्या हवेच्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८ चं प्रमाण संपातचलनाबरोबर वरखाली होतं. त्यामागे मोसमी पाऊस, वनस्पती आणि समुद्राच्या पाण्याचं समस्थानिक प्रमाण असे सगळे घटक एकत्र येतात. शेवटचं हिमयुग सरताना हा बदल कक्षेच्या ५,००० ते ६,००० वर्षं मागे होता, म्हणून सगळीकडे तेवढाच मागे असेल असं धरून आलेख जुळवतात. इथे मात्र तुमचा आरोप शंभर टक्के लागू पडतो. उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचा लोंढा आला की मोसमी पाऊस दक्षिणेकडे सरकतो आणि हा विलंब बदलतो, म्हणूनच ६,००० वर्षांची चूक धरावी लागली.

त्याहून मला पटणारी खुंटी ऑक्सिजन-नायट्रोजनच्या गुणोत्तराची आहे. पठारावर उन्हाळ्यात जेवढं जास्त ऊन, तेवढे पृष्ठभागावरच्या बर्फाचे कण बदलतात, आणि तो थर शंभर मीटर खाली गेल्यावर बुडबुडे बंद होण्याच्या क्षणी तिथून थोडा जास्त ऑक्सिजन निसटतो. ऑक्सिजनचा रेणू नायट्रोजनपेक्षा किंचित लहान असल्यामुळे तोच आधी बाहेर पडतो. ही यंत्रणा पूर्ण उलगडलेली नाही, पण गुणोत्तर त्या जागेवरच्या उन्हाळी उन्हाबरोबर फार नीट चालतं. यात महत्त्वाचं हे की ऊन तिथल्याच जागेचं, दक्षिणेच्या डिसेंबरचं आहे. उत्तरेच्या हिमथरांशी किंवा कार्बन डायऑक्साइडशी काय नातं आहे हे त्यात आधी गृहीत धरलेलं नाही. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी डोम फूजी गाभ्यावर ही पद्धत वापरून ३,६०,००० वर्षांची कालगणना केली. तिच्यावर पाहिलं तर शेवटच्या चारही हिमयुगांच्या अखेरी अंटार्क्टिकाचं तापणं उत्तरेचं उन्हाळी ऊन वाढत असतानाच सुरू झालेलं दिसतं. वय दक्षिणेच्या डिसेंबरवरून काढलं आणि तपासणी उत्तरेच्या जूनशी केली. हे पूर्ण स्वतंत्र नाही, कारण दोन्ही ऊनं एकाच खगोलगणितातून येतात, पण हवामानाचं हवामानाशी जुळवणं तरी यात नाही.

या पद्धतीत घोटाळा होतो तो शीतगृहात. गाभा उणे २० अंशांना वर्षानुवर्षं पडून राहिला तर बारीक चिरांमधून ऑक्सिजन निसटतो आणि गुणोत्तर खाली येतं. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे एकाच तुकड्याचा बाहेरचा भाग आणि आतला भाग वेगवेगळे मोजायचे. बाहेरचा सातत्याने कमी आला तर तो तुकडा गळका. सुरुवातीच्या दिवसांत एका प्रयोगशाळेत मी अशीच दोन महिन्यांची मोजमापं फेकून दिली होती, कारण साल पुरेशी जाड काढली नव्हती. आता असे नमुने शक्यतो उणे ५० ला ठेवतात.

वर्तुळ तोडणारा सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र बर्फात नाही, समुद्राच्या गाळात आहे. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या दोन गाभ्यांत कक्षेची चक्रं दाखवली. त्यांच्या वयाचा पाया तेव्हा मुख्यतः चुंबकीय पलटीवर होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं तो क्षण पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने ७,३०,००० वर्षांपूर्वीचा मानला जात होता. १९९० मध्ये शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी गाळातली चक्रं कक्षेशी जुळवून सांगितलं की हा आकडा चुकलाय, पलटी ७,८०,००० वर्षांपूर्वीची असली पाहिजे. ज्या पद्धतीवर गोल फिरण्याचा आरोप होता तिने किरणोत्सारी घड्याळालाच खोटं ठरवलं. पुढच्या दोन-चार वर्षांत लाव्हावर अधिक अचूक अरगॉन-अरगॉन पद्धतीने मोजणी झाली, तेव्हा आकडा ७,८०,००० च्या जवळच आला. हीच पलटी डोम-सीच्या तळाजवळ बेरिलियम-१० च्या उसळीतून पुन्हा सापडते आणि गाभ्याच्या त्या टोकाला खुंटी मिळते.

उलट बाजूची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण कक्षेची कल्पना खोटी ठरू शकली असती. अमेरिकेत नेवाडातल्या डेव्हिल्स होल नावाच्या पाण्याखालच्या कपारीत भिंतींवर कॅल्साइट चढलेला आहे. त्याचं वय युरेनियम-थोरियमने काढतात. १९९२ मध्ये तिथून निष्कर्ष आला की शेवटून दुसरं हिमयुग १,४०,००० वर्षांपूर्वीच संपत आलं होतं, म्हणजे उत्तरेचं ऊन शिखरावर पोचण्याच्या १२,००० वर्षं आधी. वीसेक वर्षं हा काटा रुतून राहिला. २०१६ मध्ये त्याच परिसरातल्या दुसऱ्या कपारीत वेगवेगळ्या खोलींवरचा कॅल्साइट तपासला, तेव्हा खोल जावं तसं वय जुनं दिसतंय हे उघड झालं. पाण्यात तयार झालेलं जादा थोरियम खाली उतरताना भिंतींवर चिकटत होतं आणि घड्याळ पुढे ढकलत होतं. वरच्या नमुन्यांवरून काढलेली वयं कक्षेशी जुळली. एकाच वयाचा थर दोन खोलींवर मोजून पाहणं, एवढ्या साध्या तपासणीत वादाचं उत्तर होतं.

आता तुमच्या सरांची ८०० वर्षं. हा आकडा दोन वेगवेगळ्या कामांतून आला आणि दोन्ही एकत्र मिसळले गेले. २००१ मध्ये डोम-सीवर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीसाठी ८०० अधिक-उणे ६०० वर्षं असा आकडा आला. २००३ मध्ये रशियन वोस्तोक गाभ्यावर, सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगअखेरीसाठी, ८०० अधिक-उणे २०० आला. लोक ८०० उचलतात, ६०० टाकून देतात.

एवढी मोठी चूक का, हे एका छोट्या हिशोबात दिसतं. तापमान बर्फाच्या पाण्यातल्या ड्यूटेरियमवरून काढतात, कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यातल्या हवेतून. एकाच तुकड्यात दोन्ही असले तरी त्यांचं वय एक नसतं. वरचे शंभरेक मीटर म्हणजे फर्न, भुसभुशीत बर्फ, त्यातून हवा खाली-वर फिरत राहते. हवा अडकते ती तळाशी, घनता ०.८३ च्या आसपास पोचली की. या शंभर मीटरची सरासरी घनता ०.६ धरली तर ६० मीटर पाण्याइतका बर्फ झाला. वर्षाला २५ मिलिमीटर, म्हणजे ०.०२५ मीटर. ६० भागिले ०.०२५, उत्तर २,४०० वर्षं. म्हणजे आज डोम-सीला बंद होणारा बुडबुडा आपल्याभोवतीच्या बर्फापेक्षा दोन-अडीच हजार वर्षांनी तरुण आहे. हिमयुगात बर्फ निम्माच पडत होता, तेव्हा हा फरक पाच हजारांच्या आसपास जातो. त्या वेळच्या हिमवर्षावाच्या अंदाजात २० टक्के चूक झाली तर फरकात १,००० वर्षांची चूक पडली. ८०० वर्षांचा क्रम १,००० वर्षांच्या चुकीतून वाचायचा होता.

यातून सुटायला तापमानाची खूणही हवेतूनच घ्यावी किंवा फर्नची जाडी हवेला विचारावी. वोस्तोकवर पहिली युक्ती वापरली, अरगॉनच्या समस्थानिकांची. डोम-सीवर २०१३ मध्ये दुसरी वापरली. फर्नमधली हवा स्थिर असते, त्यामुळे जड रेणू गुरुत्वाने थोडे खाली बसतात. उणे ५५ अंशांना १०० मीटरच्या थरात तळाशी नायट्रोजन-१५ हजारी सुमारे ०.५४ ने वाढतं. बुडबुड्यात तेवढी वाढ मोजली की तो बंद झाला तेव्हा फर्न किती जाड होता हे कळतं, हिमवर्षावाचा अंदाज लागतच नाही. आणि इथे गंमत झाली. फर्नची गणिती मॉडेलं सांगत होती की हिमयुगाच्या थंडीत फर्न जाड असणार, नायट्रोजन सांगत होता की पातळ होता. फर्न पातळ म्हणजे वयातला फरक कमी, म्हणजे हवा समजत होतो त्यापेक्षा जुनी. कार्बन डायऑक्साइडचा सगळा आलेख मागे सरकला आणि शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तापमानात आणि त्याच्यात सांगण्याजोगा फरकच उरला नाही. पुढच्या कामांत वेगवेगळ्या वळणांवर काहीशे वर्षांचे फरक पुन्हा दिसले, पण प्रत्येक वळणावर वेगवेगळे. एकच ठरलेला विलंब असा नाही. नायट्रोजनच्या पद्धतीलाही मर्यादा आहे: फर्नच्या वरच्या काही मीटरमध्ये वारा हवा ढवळत असेल तर तिथे जड रेणू खाली बसत नाहीत आणि फर्न आहे त्याहून पातळ भासतो. म्हणून पश्चिम अंटार्क्टिकातला वाइस डिव्हाइड गाभा उपयोगी पडतो. तिथे हिमवर्षाव इतका जास्त की हिमयुगातही वयातला फरक पाचशे वर्षांच्या आसपासच राहतो.

शिवाय अंटार्क्टिकाचं तापमान म्हणजे जगाचं तापमान नव्हे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीचा क्रम असा लागतो: उत्तरेचं उन्हाळी ऊन २०,००० वर्षांपूर्वीच्या आधीपासून वाढत होतं. उत्तरेचे हिमथर वितळू लागले, गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये उतरलं आणि उष्णता उत्तरेकडे नेणारा सागरी प्रवाह मंदावला. ती उष्णता दक्षिणेत साचली. १८,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास अंटार्क्टिका तापू लागलं, दक्षिणी महासागरात साठलेला कार्बन डायऑक्साइड वर आला, आणि १९० पीपीएमच्या आसपास असलेला आकडा ११,००० वर्षांपूर्वीपर्यंत २६५ च्या आसपास पोचला. २०१२ मध्ये शकुन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ८० नोंदी एकत्र केल्या, तेव्हा जगाचं सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागे चाललेलं दिसलं, दक्षिणेचं त्याच्या आधी. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

वजनाचाही हिशोब करा. कार्बन डायऑक्साइड १९० वरून २६५ ला गेला तर उष्णतेच्या ताळेबंदातला फरक साधारण असा निघतो:

```
5.35 × ln(265/190) ≈ 1.8 W/m²
```

हा सगळ्या पृथ्वीवर, वर्षभर. उत्तरेच्या जूनमधले ४५ वॅट मोठे वाटतात, पण दुसऱ्या ऋतूत ते परत घेतले जातात, आणि वर्षाची जागतिक सरासरी काढली तर कक्षेच्या वाट्याला काहीच उरत नाही. कक्षा हिमथरांचा तोल घालवते. उत्तर आणि दक्षिण गोलार्ध एकत्र तापतात ते हिमथर आकसल्यामुळे उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीमुळे आणि या वायूंमुळे. तुमच्या सरांनी «मागे असतो म्हणजे कारण नाही» असं म्हटलं असेल तर ते इथे टिकत नाही.

जे अजून टिकत नाही तेही सांगतो. साधारण १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं ४१,००० वर्षांच्या अंतराने येत होती, नंतर लाखाच्या आसपास. कक्षेत त्या सुमारास काही बदललेलं नाही. लिटल डोम-सी इथे युरोपीय पथक जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरवर खडकापर्यंत पोचलं, १२ लाख वर्षांहून जुना बर्फ घेऊन. त्या काळचा कार्बन डायऑक्साइड सलग मोजता आला की या प्रश्नाला हात घालता येईल.

तोवर तुमच्या असाइनमेंटसाठी एक काम करा. डोम-सीचा डेटा उतरवलात की त्यात वयाचे दोन रकाने असतात, बर्फाचं वय आणि वायूचं वय. विद्यार्थी घाईत कार्बन डायऑक्साइडही बर्फाच्या वयावर काढतात. तसं केलंत तर तो तापमानाच्या काही हजार वर्षं आधी वाढताना दिसेल, आणि तुम्ही सरांना उलट टोक गाठून दाखवाल. आधी मुद्दाम तसा चुकीचा आलेख काढा, मग वायूच्या वयावर काढा आणि दोन्हींतलं अंतर १८,००० वर्षांपूर्वीपाशी मोजा. तिथे चार-पाच हजारांपेक्षा मोठा आकडा आला, तर ती कालगणना नायट्रोजनच्या मोजमापांआधीची आहे का, ते आधी तपासा.